चहाच्या टपरीला इनपुट टॅक्स क्रेडिट कधी मिळते? अण्णांच्या वहीची गोष्ट

प्रश्न: माझ्या मामांची एसटी स्टँडसमोर चहाची टपरी आहे. विक्री वाढल्यामुळे गेल्या वर्षी जीएसटी नोंदणी करावी लागली आणि आता ते दरमहा विक्रीवर पाच टक्के भरतात. शेजारचे किराणा दुकानदार म्हणतात की इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले की भरणा एकदम खाली येतो. हे खरे आहे का? मामा आकडेमोडीला कंटाळतात, त्यामुळे एखाद्या गोष्टीसारखे सांगितलेत तर त्यांना वाचून दाखवता येईल.

उत्तर:

किराणा दुकानदार स्वतःच्या धंद्यापुरते खरे बोलत आहेत. ते मामांना लागू पडते की नाही, हे मात्र टपरीवर कपातल्या चहाखेरीज आणखी काय विकले जाते यावर ठरते, आणि तुमच्या प्रश्नात नेमके तेवढेच आलेले नाही.

कायद्याच्या दृष्टीने ग्राहकाला ओतून दिलेला चहा ही वस्तूची विक्री नसून उपाहारगृहाची सेवा आहे, मग तो बाकड्यावर बसून प्यालेला असो की पार्सल नेलेला. या सेवेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के दर आहे आणि त्या दराला एक अट जोडलेली आहे: ही सेवा देण्यासाठी केलेल्या खरेदीवर दिलेला कर आपल्या भरण्यातून वजा करायचा नाही, म्हणजे त्याचे क्रेडिट घ्यायचे नाही. जास्त दराने कर भरून क्रेडिट घेण्याची मुभा खोल्यांचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर असणाऱ्या हॉटेलांसारख्या जागांनाच आहे, टपरीला ती नाही. त्यामुळे मामा फक्त चहा करून विकत असतील, तर गॅस, साखर आणि पावडर यांवर त्यांनी दिलेला कर परत मिळत नाही आणि उत्तर इथेच संपते.

मात्र पुष्कळ चांगल्या चालणाऱ्या टपऱ्यांवर काही काळाने एक दुसरा धंदा हळूच उभा राहतो. ग्राहक विचारतात, "ही पावडर कुठली?" आणि मालक पाव किलोची पाकिटे भरून ठेवू लागतो. हे पाकीट म्हणजे वस्तूची विक्री. तिच्यावरही पाच टक्केच कर आहे, पण इथे क्रेडिटची बंदी नाही. दर सारखा असल्यामुळे दोन्ही विक्री एकाच रकान्यात बेरीज करून लिहिल्या जातात आणि हक्काचे क्रेडिट तसेच राहून जाते. माझ्याकडे आलेल्या एका चहावाल्यांचे असेच झाले होते. त्यांना आपण अण्णा म्हणू. आकडे मी बदलून गोल केले आहेत, पण प्रमाण त्यांच्या धंद्यातलेच आहे.

अण्णांची टपरी तालुक्याच्या गावात, स्टँड आणि बाजार समिती यांच्या मधल्या रस्त्यावर. ते कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून तीन प्रकारची पावडर आणत आणि स्वतःच्या अंदाजाने मिसळून घेत. त्या मिश्रणाला गिऱ्हाईक लागले, पाकिटे निघाली आणि आजूबाजूच्या खेड्यांतले किराणावालेही नेऊ लागले. कर वगळून धरले, तर महिन्याला चहाची विक्री २,४०,००० रुपये आणि पाकिटांची विक्री १,६०,००० रुपये होती. एकूण चार लाखांवर पाच टक्के, म्हणजे वीस हजार रुपये ते दर महिन्याला निमूटपणे भरत होते. त्यांच्या पहिल्या हिशेबनीसाने "चहावाल्याला क्रेडिट नसते" असे सांगितले होते आणि चहापुरते ते बरोबरही होते.

अण्णा माझ्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी. पाकिटे घेणाऱ्या एका किराणावाल्याने त्यांच्याकडे नंबर घातलेले पक्के बिल मागितले होते. "ताई, त्याला बिल कशाला हवे? पैसे तर तो रोख देतो," असे त्यांनी विचारले. मी त्यांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्याच्याकडून जो कर घेता, तो त्याला त्याच्या भरण्यातून वजा करायचा आहे. आता तुम्ही सांगा, तुम्ही स्वतः पावडर घेता तेव्हा व्यापारी तुमच्याकडून कर घेतो की नाही?" अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "घेतो की. किलोला पंधरा रुपये."

त्यावर आम्ही एकच पाव किलोचे पाकीट समोर ठेवून हिशेब केला. पावडर ३०० रुपये किलोने येते, म्हणजे पाकिटातली पावडर ७५ रुपयांची आणि तिच्यावर व्यापाऱ्याने घेतलेला कर पावणेचार रुपये. पाकिटाची किंमत १०० रुपये, त्यावर अण्णा ग्राहकाकडून पाच रुपये कर घेतात. आजवर ते हे पाचही रुपये सरकारात भरत होते आणि पावणेचार रुपये खरेदीच्या खर्चात जिरवत होते. खरे तर ते पावणेचार रुपये व्यापाऱ्यामार्फत सरकारात आधीच जमा झालेले आहेत, म्हणून अण्णांनी भरायचा तो फरक, म्हणजे सव्वा रुपया. पंचाहत्तरचे शंभर करताना त्यांनी जी पंचवीस रुपयांची भर घातली, तिचे पाच टक्के तेवढेच होतात. इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे एवढेच आहे. ती सूट किंवा अनुदान नसून एकाच पावडरीवर दोनदा कर बसू नये यासाठी केलेली वजाबाकी आहे.

अण्णांना हे पटले आणि त्यांनी लगेच सगळी खरेदीची बिले पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. खरे काम तिथून सुरू झाले, कारण सगळ्या बिलांचे क्रेडिट मिळत नाही. आम्ही बिलांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात फक्त चहासाठी लागणाऱ्या वस्तू होत्या: व्यावसायिक गॅस सिलिंडर १२,००० रुपयांचे, त्यावर १८ टक्क्यांनी २,१६० रुपये कर, आणि साखर ८,००० रुपयांची, तिच्यावर ४०० रुपये. दूध आणि आले यांवर करच नसल्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. या ढिगाचे क्रेडिट शून्य. दुसऱ्या ढिगात फक्त पाकिटांसाठी घेतलेल्या छापील प्लॅस्टिक पिशव्या होत्या, ५,००० रुपयांच्या, त्यावर ९०० रुपये कर. हे क्रेडिट पूर्ण मिळते. तिसऱ्या ढिगात गाळ्याचे भाडे आले. गाळ्याचे मालक नोंदणीकृत असल्यामुळे १०,००० रुपये भाड्यावर ते १,८०० रुपये कर लावत होते. याच गाळ्यात चहाही होतो आणि मागच्या बाजूला पाकिटेही भरली जातात, त्यामुळे हा सामाईक खर्च. तो विक्रीच्या प्रमाणात वाटायचा असतो. अण्णांच्या चार लाखांत चहा साठ टक्के आहे, म्हणून साठ टक्के, म्हणजे १,०८० रुपये सोडून द्यायचे आणि ७२० रुपये घ्यायचे. जीएसटी नियमांतील नियम ४२ मध्ये ही वाटणी सांगितलेली आहे. दर महिन्याला ती तात्पुरती असते आणि वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या विक्रीवर पुन्हा करून फरक जुळवावा लागतो.

मग राहिली पावडर, आणि सगळ्यात मोठा प्रश्न तिथेच होता. महिन्याला ४६० किलो पावडर येत होती. बिल एकच, १,३८,००० रुपयांचे, त्यावर ६,९०० रुपये कर. त्यातली काही पावडर पातेल्यात जायची आणि उरलेली पाकिटांत. किती कुठे, याची कुठेही नोंद नव्हती. अशी विभागणी दाखवता आली नाही, तर पावडरही भाड्यासारखी सामाईक धरावी लागते आणि साठ टक्के क्रेडिट सोडावे लागते. म्हणजे ६,९०० पैकी ४,१४० रुपये गेले आणि हाती फक्त २,७६० रुपये आले.

हे अण्णांवर अन्याय करणारे होते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कपातल्या चहाच्या किमतीत दूध, साखर, गॅस आणि माणसाची मजुरी असते. पावडर दोन-अडीच ग्रॅमच लागते. पाकिटात मात्र जवळजवळ सगळी किंमत पावडरीचीच असते. विक्रीच्या रुपयांवर वाटणी केली की चहाच्या माथी खूप जास्त पावडर मारली जाते. मी अण्णांना विचारले, "टपरीवर रोज किती पावडर लागते?" त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "दोन किलोचा डबा सकाळी भरतो, रात्री तळाला येतो." दोन किलोने महिन्याचे साठ किलो झाले. उरलेले चारशे किलो पाकिटांत. साठ किलोवरचा कर ९०० रुपये आणि चारशे किलोवरचा कर ६,००० रुपये. नोंद असली तर क्रेडिट ६,००० रुपये, नसली तर २,७६०. एका डब्याच्या नोंदीवर दरमहा ३,२४० रुपयांचा फरक पडत होता.

तोंडी अंदाज मात्र तपासणीत चालत नाही. म्हणून अण्णांनी दोन गोष्टी केल्या. व्यापाऱ्याला सांगून टपरीच्या साठ किलोंचे आणि पाकिटांच्या चारशे किलोंचे वेगळे बिल घ्यायला सुरुवात केली. आणि गल्ल्यामागच्या खिळ्याला एक उभी वही अडकवली, जिच्यात रोज तीन आकडे लिहायचे: डब्यात भरलेली पावडर, भरलेली पाकिटे आणि पोत्यांत उरलेली शिल्लक. ही वही त्यांचा मुलगा लिहितो. महिन्याच्या शेवटी आलेली पावडर, गेलेली पावडर आणि शिल्लक यांचा मेळ बसला की मला ती पुरेशी होते. एखाद्या महिन्यात डब्याचे साठऐवजी सत्तर किलो झाले, तर तेवढेच क्रेडिट कमी घ्यायचे. वही त्यासाठीच आहे.

आता अण्णांचा महिना असा बसतो. चहावरचा कर १२,००० रुपये आणि पाकिटांवरचा ८,००० रुपये, मिळून २०,०००. त्यातून वजा पावडरीचे ६,०००, पिशव्यांचे ९०० आणि भाड्याच्या वाट्याचे ७२०, म्हणजे ७,६२० रुपये. भरणा उरला १२,३८० रुपये. यात चहाचे बारा हजार पूर्ण भरावेच लागतात हे लक्षात घ्या. कमी झाला आहे तो पाकिटांवरचा भरणा, आठ हजारांवरून ३८० रुपयांवर.

कागदावर हक्क असूनही क्रेडिट हातात का येत नाही, हेही सांगायला हवे. अण्णांच्या बाबतीत पहिल्या महिन्यात असे दिसले की व्यापाऱ्याच्या बिलांवर अण्णांचा जीएसटी नंबरच नव्हता. "रोख गिऱ्हाईक" म्हणून बिल फाडले जात होते. अशा बिलाचे क्रेडिट मिळत नाही. विक्रेत्याने तुमचा नंबर घालून बिल द्यावे लागते, ते GSTR-1 या स्वतःच्या विक्रीच्या विवरणात दाखवावे लागते, आणि ते GSTR-2B या तुमच्या खरेदीच्या तक्त्यात उमटावे लागते. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी हा तक्ता पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर तयार होतो. व्यापाऱ्याने विवरण उशिरा भरले की बिल त्या महिन्यात दिसत नाही आणि क्रेडिट पुढे ढकलले जाते. म्हणून आम्ही १४ तारखेनंतर, २० तारखेच्या आत, हातातली बिले आणि तक्ता ओळीने ताडून पाहतो आणि जे दिसत नाही त्याबद्दल व्यापाऱ्याला त्याच दिवशी फोन करतो. शिवाय माल हातात आलेला असावा लागतो, आणि उधारीवर घेतला असेल तर १८० दिवसांच्या आत व्यापाऱ्याचे पैसे चुकते करावे लागतात. नाहीतर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. GSTR-2B मध्ये तुमच्या नंबरवरची सगळी बिले दिसतात, त्यात गॅस आणि साखरही असते. अण्णांच्या महिन्यात ती बेरीज १२,१६० रुपये येते आणि कर भरण्याचे मासिक विवरण, म्हणजे GSTR-3B, उघडल्यावर पोर्टल तोच आकडा आपोआप भरून दाखवते. तो तसाच ठेवून विवरण दाखल केले, तर ज्याचा हक्क नाही असे ४,५४० रुपयांचे क्रेडिट घेतले जाते. ते वापरले गेल्यास १८ टक्के दराने व्याज लागते आणि पाच टक्के दराची अटही मोडते. बरोबर पद्धत अशी की तक्ता 4(A)(5) मध्ये पूर्ण रक्कम ठेवायची आणि 4(B)(1) मध्ये न मिळणारी रक्कम उलटवायची. अण्णांच्या बाबतीत ती गॅसचे २,१६०, साखरेचे ४००, डब्यातल्या पावडरीचे ९०० आणि भाड्यातले १,०८० अशी होते. तक्ता 4(C) मध्ये ७,६२० उरले की हिशेब बरोबर समजायचा. विवरण भरणाऱ्याकडून या दोन ओळींची छापील प्रत मामांनी दर महिन्याला मागून घ्यावी. 4(B)(1) रिकामे दिसले, तर तिथेच थांबून विचारावे.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या काही गोष्टी आहेत. मामांनी कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी योजना, घेतली असेल, तर पाकिटांचेही क्रेडिट मिळत नाही आणि ग्राहकाकडून वेगळा करही घेता येत नाही. ज्यांची पाकिटे दुकानदार नेतात त्यांना ही योजना सहसा मानवत नाही, कारण दुकानदारालाही क्रेडिट मिळत नाही. गाळ्याचे मालक नोंदणीकृत नसतील आणि मामा कंपोझिशनमध्ये नसतील, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर मामांनी स्वतःच रोखीने भरायचा आहे. पाकिटांच्या वाट्याएवढे त्याचे क्रेडिट मिळते, पण हा कर भरायचा असतो हेच अनेकांच्या गावी नसते. पावडर थेट आसाम किंवा बंगालमधून येत असेल, तर बिलावर राज्य आणि केंद्र अशा दोन करांऐवजी एकात्मिक कर असतो. त्याचेही क्रेडिट मिळते, फक्त वजा करण्याचा क्रम वेगळा असतो.

बिस्किटांबद्दल हमखास विचारले जाते. काउंटरवरून छापील किमतीला बंद पुडा विकला, तर ती वस्तूची विक्री आणि त्याचे क्रेडिट मिळू शकते. बशीत दोन बिस्किटे ठेवून चहाबरोबर दिली, तर ती सेवेचाच भाग होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा कर १८ वरून पाच टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे यात सुटणारी रक्कम आता लहान आहे. पुडे खूप खपत नसतील तर त्यासाठी वेगळी वही मांडण्याचा खटाटोप मी कुणाला सुचवत नाही. पावडरीचे तसे नाही.

नोंदणीबद्दलही एक खुलासा करते. वस्तू विकणाऱ्यांसाठी मर्यादा चाळीस लाखांची आहे असे ऐकून काही जण नोंदणी रद्द करायला निघतात. महाराष्ट्रात ती मर्यादा फक्त वस्तूच विकणाऱ्यांसाठी आहे. चहाची सेवाही असेल, तर दोन्ही विक्री मिळून वीस लाखांचीच मर्यादा लागते.

तेव्हा मामांना आधी एवढेच विचारा की महिन्याच्या विक्रीत पाकिटांची विक्री किती आहे. ती असेल, तर पोर्टलवरून मागच्या वर्षाचे बारा महिन्यांचे GSTR-2B उतरवून घ्या आणि पावडरीच्या व्यापाऱ्याची बिले त्यात मामांच्या नंबरवर दिसतात का ते पाहा. दिसत असतील आणि क्रेडिट घ्यायचे राहिले असेल, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ते घेता येते, मात्र वार्षिक विवरण त्याआधी दाखल केले असेल तर मुदत तिथेच संपते. मागच्या महिन्यांची डब्याची नोंद नसेल, तर त्या काळासाठी विक्रीच्या प्रमाणात वाटणी करून जेवढे येईल तेवढेच घ्या, आणि वही या महिन्याच्या पहिल्या पोत्यापासून सुरू करा.